सारांशात एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर दुरुस्तीचा मेसेज कसा लिहावा

प्रश्न : मीटिंगचा सारांश टीमला पाठवला, पण एकाचं बोलणं चुकून दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावावर लिहिलं गेलं. आता माफीचा मेसेज कसा लिहू?

मेसेज लिहायच्या आधी दोन फोन करा. पहिला ज्याचं नाव चुकून पडलं त्याला, दुसरा ज्याने ते खरोखर म्हटलं त्याला. दुसरा फोन बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच घोटाळा होतो. माझ्याकडून हीच चूक होता होता राहिली, म्हणून ती नीट सांगते.

सांगलीजवळ बेदाण्याचं ग्रेडिंग आणि पॅकिंग करणाऱ्या एका युनिटच्या ऑफिसात मी काम करत होते. मीटिंगच्या नोंदी मीच घ्यायचे. आमच्याकडे दोन पाटील होते, एक खरेदीचे आणि एक गोदामाचे. आमच्या भागात एका ऑफिसात दोन पाटील असणं काही नवीन नाही. वहीत मी घाईत लिहिलं होतं, "पाटील – १६% वर ओलावा, माल नको." संध्याकाळी टाइप करताना खरेदीचा विषय आहे असं वाटून मी खरेदीच्या पाटलांचं नाव घातलं आणि मेल सगळ्यांना पाठवून दिला. तोच मजकूर कोणीतरी ग्रुपवरही टाकला.

खरेदीचे पाटीलसाहेब रोज तासगाव, कवठे महांकाळकडच्या शेडवाल्यांशी बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत त्यांना फोन आला, "साहेब, आमचा माल परत पाठवायचं तुम्हीच ठरवलं म्हणे?" हंगामात शेडवर पंधरा-वीस दिवस माल वाळवून, निवडून बसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! पाटीलसाहेब माझ्या टेबलापाशी आले, आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "ताई, हे मी कधी म्हटलं?"

मी त्यांची तिथेच माफी मागितली आणि लगेच मेल लिहायला घेतला. बरं झालं की पाठवायच्या आधी गोदामाच्या पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "मी माल नको असं म्हटलंच नाही. असा माल वेगळा ठेवा, पुन्हा वाळवा आणि मग ग्रेडिंगला घ्या, एवढंच म्हटलं." म्हणजे नाव तर चुकलं होतंच, वाक्यही चुकलं होतं. मी नुसतं नाव बदललं असतं तर न बोललेली गोष्ट आता दुसऱ्या पाटलांच्या गळ्यात पडली असती आणि पुन्हा एक दुरुस्ती पाठवावी लागली असती. नाव चुकतं तेव्हा बऱ्याचदा वाक्यही अर्धवट ऐकलेलं असतं. सूचना निर्णय म्हणून लिहिली जाते, किंवा प्रश्न मत म्हणून. म्हणून खऱ्या वक्त्याला आपलं नवं वाक्य वाचून दाखवायचं आणि "असंच म्हणालात ना?" असं विचारायचं.

मग मेल पाठवला तो असा. जुन्याच मेलला "सर्वांना उत्तर" करून, म्हणजे चूक ज्यांच्यापर्यंत गेली त्या सगळ्यांपर्यंत दुरुस्ती जाईल.

विषय : दुरुस्ती – मंगळवारच्या मीटिंगचा सारांश, मुद्दा ४

नमस्कार,
काल पाठवलेल्या सारांशात मुद्दा ४ मी चुकीचा लिहिला होता. तो असा वाचावा :
"१६ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला बेदाणा वेगळा ठेवावा आणि पुन्हा वाळवून मग ग्रेडिंगला घ्यावा, अशी सूचना गोदामाचे पाटीलसाहेब यांनी मांडली. यावर निर्णय झालेला नाही."
खरेदीचे पाटीलसाहेब या मुद्द्यावर बोलले नव्हते. माल परत पाठवण्याबद्दल मीटिंगमध्ये कोणीच बोललं नव्हतं. माझ्या नोंदीत फक्त "पाटील" होतं आणि मी न विचारता नाव घातलं.
पाटीलसाहेब, माझ्या चुकीमुळे तुम्हाला शेडवाल्यांना उत्तरं द्यावी लागली, त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.
दुरुस्त सारांश सोबत जोडला आहे. कालची प्रत पुढे कोणाला पाठवली असेल, तर हा मेलही त्यांना पाठवावा.

यात तीन गोष्टी मी मुद्दाम केल्या. चुकीचं वाक्य खरेदीच्या पाटलांच्या नावासकट पुन्हा लिहिलं नाही, फक्त मुद्द्याचा क्रमांक दिला. नाहीतर तेवढ्याच ओळीचा फोटो काढून कोणी पुढे पाठवला, तर चूक पुन्हा फिरत राहते. कारण एका वाक्यात सांगितलं. कामाचा ताण, आवाज नीट येत नव्हता वगैरे लिहिलं की ती सबब वाटते, आणि ज्याला त्रास झाला त्याला ते बोचतं. आणि माफी "सर्वांची" न मागता ज्याला झळ बसली त्याची मागितली, काय त्रास झाला ते नाव घेऊन. "कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व" हे वाक्य अशा ठिकाणी अजिबात वापरू नका. दुखावल्या "असल्यास" कशाला, दुखावल्याच आहेत.

ग्रुपवर मजकूर गेला असेल तर गुपचूप बदलायचा मोह होतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज साधारण १५ मिनिटांपर्यंतच एडिट करता येतो, आणि सगळ्यांसाठी डिलीट केला तरी ज्याने पुढे पाठवला त्याच्याकडची प्रत तशीच राहते. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. त्यामुळे मी जुना मेसेज तसाच ठेवला आणि त्यालाच रिप्लाय करून दुरुस्ती टाकली, म्हणजे वर जाऊन पाहणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात. फाइलमध्येही जुनी प्रत पुसली नाही. नव्या प्रतीच्या नावात "दुरुस्त" आणि तारीख घातली.

तुमची मीटिंग टीमपुरती असेल तर एवढं पुरे. पण सहकारी संस्थेच्या किंवा संचालक मंडळाच्या सभेचं, सही झालेलं इतिवृत्त असेल, तर त्यावर खाडाखोड करायची नाही. पुढच्या सभेत "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा विषय असतो, तिथे दुरुस्ती सांगायची आणि त्या सभेच्या नोंदीत लिहून घ्यायची. मेसेज तोपर्यंत टीमला कळवण्यापुरता.

आणखी एक अडचण येऊ शकते. खरा वक्ता म्हणेल, "माझं नाव नको." मग आग्रह धरू नका. "ही सूचना चर्चेत आली" एवढं लिहिलं तरी चालतं, कारण तुमचं पहिलं काम चुकून अडकलेल्याचं नाव मोकळं करणं आहे. मात्र त्या सूचनेवर पुढे कोणी काम करायचं ठरलं असेल, तर त्या कामापुढे नाव हवंच, आणि ते त्याला आधी विचारून लिहा.

आमच्या पाटीलसाहेबांनी मेल वाचल्यावर तो स्वतःच दोन शेडवाल्यांना वाचून दाखवला. त्यानंतर मी वहीत "पा. ख." आणि "पा. गो." लिहायला लागले, आणि ज्या ओळीत कोणाचं नाव आहे ती ओळ पाठवायच्या आधी त्या माणसाला दाखवते. सकाळी पाच मिनिटांचं काम असतं, बहुतेक वेळा चहाच्या वेळेतच होऊन जातं.