एफसीआरए नोंदणीनंतर बजेट दोन भागांत कसं मांडायचं?

*«पुण्यात आमची छोटी शैक्षणिक संस्था आहे. परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नुकतीच मिळाली. ऑफिस एक, अकाउंटंट एक, मग विदेशी आणि देशी पैशांचं बजेट वेगळं ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं? भाडं, पगार असे सामायिक खर्च कुठे दाखवायचे?»*

मी पुण्यातल्याच एका संस्थेचे हिशोब बरीच वर्षं बघतोय. बजेटची फाइल एकच ठेवा, पण त्यात दोन स्वतंत्र भाग करा आणि प्रत्येक भागाची जमा, खर्च आणि शिल्लक त्याच भागात संपू द्या. एकत्रित बेरीज कार्यकारिणीला दाखवण्यापुरती. टॅलीमध्ये मात्र विदेशी निधीची कंपनीच वेगळी उघडा, कारण या निधीची वहीखाती स्वतंत्र असणं नियमानेच बंधनकारक आहे.

खात्यांचं असं आहे. एफसीआरए कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, इथल्या शाखेतून कागद जातात. तिथून पैसे पुण्यातल्या बँकेत उघडलेल्या वापर खात्यात आणून खर्च करता येतात. असं खातं उघडलं की FC-6D फॉर्म भरून 45 दिवसांत कळवायचं. या दोन्ही खात्यांत देशी रुपया जाता कामा नये, आणि तिथे मिळणारं व्याजही विदेशी निधीच धरायचं.

आता सामायिक खर्च. इथे सगळे जी चूक करतात ती आम्हीही केली होती. परदेशी हप्ता लांबला, म्हणून दोन महिन्यांचे पगार देशी खात्यातून दिले आणि हप्ता आल्यावर तेवढी रक्कम वापर खात्यातून देशी खात्यात वळवली. आमच्या दृष्टीने ते हातउसने होते. ऑडिटरच्या दृष्टीने विदेशी पैसा देशी खात्यात मिसळला होता, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून खर्च विभागायचा तो बिल देतानाच. घरमालकाला 25,000 भाडं असेल तर 10,000 वापर खात्यातून आणि 15,000 देशी खात्यातून, असे दोन व्यवहार होतात. दोन्ही व्हाउचरवर त्याच बिलाचा क्रमांक आणि विभागणीचं प्रमाण लिहितो. हे प्रमाण वर्षाच्या सुरुवातीलाच ठरावात घ्या. मार्चमध्ये आकडे जुळवायला ठरवलेलं प्रमाण लगेच ओळखू येतं. पगारात शक्य तिथे अख्खा माणूसच एका भागात ठेवा, अर्थात तो खरोखर त्याच प्रकल्पावर काम करत असेल तर. निम्मा पगार इकडून, निम्मा तिकडून केला की टीडीएस, पीएफ सगळंच फोडत बसावं लागतं.

बजेटमध्ये खरी गोम आहे ती विदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाच्या 20 टक्के मर्यादेत. समजा परदेशी देणगीदाराने 20 लाख मंजूर केले आणि देशी निधी 30 लाख आहे. प्रमाण 40:60 ठरलं. विदेशी भागावर वर्षाचं भाडं 1,20,000, अकाउंटंटच्या 30,000 पगारातला वाटा 1,44,000, ऑडिट 40,000 आणि वीज-फोन-स्टेशनरी 48,000 येते. एकूण 3,52,000. मर्यादा 4 लाख, म्हणजे सगळं ठीक दिसतं. पण मर्यादा मोजतात ती त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष हातात आलेल्या रकमेवर, मंजुरीपत्रावर नाही. 8 लाखांचा दुसरा हप्ता मार्चऐवजी एप्रिलमध्ये आला, तर वर्षाची जमा 12 लाख आणि मर्यादा 2,40,000. तुमचा खर्च मात्र 3,52,000 होऊन बसलेला असतो. म्हणून मी विदेशी भागात हप्त्यांच्या तारखांचा एक रकाना ठेवतो आणि डिसेंबरात पुन्हा हिशोब मांडतो. हप्ता डळमळीत वाटला तर जानेवारीपासूनचं भाडं नि अकाउंटंटचा पगार पूर्णपणे देशी भागावर घेतो, तोही ठराव करूनच. शिक्षकांचा पगार या मर्यादेत येत नाही, कारण ते थेट उद्दिष्टाचं काम आहे. पण संस्था चालवणाऱ्या माणसांचा पगार येतो. त्यामुळे नेमणूकपत्रात नुसतं 'समन्वयक' लिहू नका, काम काय ते लिहा.

वस्तूंचंही तेच. विदेशी निधीतून घेतलेला लॅपटॉप रजिस्टरमध्ये वेगळा नोंदवा. पुढे तो विकला तर पैसे विदेशी निधीतच जमा व्हायला हवेत.

आणखी एक, पुण्यात हटकून होणारी भानगड. कोथरूडमध्ये वाढलेला, आता अमेरिकेत असलेला तुमचा जुना हितचिंतक सुट्टीत येतो आणि प्रेमाने देशी खात्यात 10,000 रुपये टाकतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असतील, तर ती देशी देणगी. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर रुपयांत दिलेली, पुण्यात बसून दिलेली रक्कमही विदेशीच, आणि ती चुकीच्या खात्यात आलेली. आम्ही आता क्यूआर कोडच्या पाटीवरच 'फक्त भारतीय नागरिकांसाठी' असं छापलंय आणि पावती फाडताना नागरिकत्व विचारतो. काहींना राग येतो, पण येऊ दे.