पुस्तकाच्या नावाने शोधू नकोस भावा

तू म्हणतोस अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' कादंबरीवर पिक्चर आहे का म्हणून सर्च मारला आणि काहीच मिळालं नाही. मिळणार कसं, त्या नावाचा पिक्चरच नाही. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन साधूंचीच 'सिंहासन' पण घे, कारण 1979 चा जब्बार पटेलांचा 'सिंहासन' या दोन्ही कादंबऱ्या एकत्र करून केलाय आणि पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. म्हणून शोधताना पुस्तकाचं नाव सोड, लेखकाचं नाव टाक आणि पुढं 'चित्रपट' लिही. मग पिक्चरच्या सुरुवातीची पाटी थांबवून वाच की, कथा कुणाची, पटकथा कुणाची ते तिथंच कळतं. कथेपुढं मूळ लेखकाचं नाव दिसलं की खात्री झाली.

बघताना एक कर, पुस्तकातला प्रत्येक प्रसंग शोधत बसू नकोस. दोन कादंबऱ्या एका पिक्चरमध्ये बसवायच्या म्हटल्यावर बरंच गळणारच. त्यापेक्षा पत्रकार दिगू टिपणीसवर लक्ष ठेव. पुस्तकात माणसाच्या मनातलं पानंच्या पानं लिहिता येतं, पडद्यावर निळू फुले नुसते ऐकत उभे असतात आणि तेवढ्यात सगळं कळतं, मला तर हे पुस्तकाइतकंच भारी वाटतं. आणि मुख्यमंत्री झालेत आपल्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक!

हे झालं की आपल्या कागलच्या आनंद यादवांचं 'नटरंग' घे, तिथं नाव तेच आहे, शोधायला सोपं. पण आधी पुस्तक वाच हं, नाहीतर गुणाच्या जागी अतुल कुलकर्णीच दिसत राहतो.