कर्जाच्या अ‍ॅपने दोन मिनिटांत नकार दिला, तो कशाच्या आधारावर?

प्रश्न: अ‍ॅपवरून ४० हजारांचं कर्ज मागितलं. दोन मिनिटांत 'सध्या पात्र नाही' असा मेसेज आला, कारण काही नाही. माझ्यावर कसलंही कर्ज नाही, कुणाचे पैसे कधी बुडवले नाहीत. हे ठरवतं कोण? आणि फोनमधलं काय काय बघतात?

उत्तर:

मी काही वर्षं एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या रिस्क विभागात होतो, तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो. तुमचा अर्ज बहुधा कुणी वाचलेलाच नाही. दोन मिनिटांत नकार येतो तेव्हा तो सहसा प्रोग्रामने काढलेल्या गुणांवरून येतो.

हे गुण असे निघतात. कंपनी आपली जुनी कर्जं घेते. ज्यांचे हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले त्यांना 'वाईट' असा शिक्का मारते, बाकीच्यांना 'चांगले'. मग त्या वाईट लोकांमध्ये काय सारखं होतं, हे प्रोग्राम शोधतो. नवा अर्ज आला की तो त्या लोकांशी किती जुळतो, एवढंच पाहिलं जातं. तुम्ही कधी कर्जच घेतलं नसेल, तर क्रेडिट अहवालात तुमच्याबद्दल काहीच नसतं. तुम्हाला ही जमेची बाजू वाटते, प्रोग्रामला मात्र ती माहितीची उणीव दिसते. ही उणीव मग तो पिनकोड, नोकरीचा प्रकार, खात्यावरची उलाढाल अशा गोष्टींनी भरून काढतो.

खरी अडचण इथेच आहे. समजा एका पिनकोडमध्ये कंपनीने १००० कर्जं दिली आणि ८० बुडाली, शेजारच्या पिनकोडमध्ये ४० बुडाली. पहिल्या भागातल्या ९२० जणांनी पैसे चोख फेडलेत, तरी तिथून येणाऱ्या प्रत्येक नव्या अर्जाचे गुण कापले जातात. महिना २५ हजार कमावणारे दोन इलेक्ट्रिशियन, दोघांचं घरभाडंही सारखंच, पण एकाला कर्ज मिळतं आणि दुसऱ्याला नाही. पिनकोड काढून टाकला तरी फारसा फरक पडत नाही. फोनचं मॉडेल, रिचार्जची रक्कम, मजुरी रोख मिळते की खात्यावर, या गोष्टींतून तोच भेद पुन्हा आत येतो.

आणि ही चूक सहजासहजी उघडी पडत नाही. चुकीच्या माणसाला कर्ज दिलं तर तीन महिन्यांत कळतं, कारण हप्ते थकतात. चांगल्या माणसाला नाकारलं तर तो फेडणारा होता हे कधीच कळत नाही, कारण त्याला फेडायची संधीच मिळालेली नसते. पुढच्या वर्षी प्रोग्राम नव्या माहितीवर शिकवतात तेव्हा त्यात या भागातली माणसं आणखी कमी असतात. तपासायचं असेल तर उपाय आहे: पात्रतेच्या रेषेच्या जरा खाली राहिलेल्या काही जणांना मुद्दाम कर्ज द्यायचं आणि बघायचं. सारखेच गुण असताना एका भागातले लोक इतरांपेक्षा चांगलं फेडत असतील, तर प्रोग्राम त्यांच्याशी जास्त कडक वागतोय. यात थोडे पैसे बुडू शकतात, म्हणून कंपन्या टाळतात. मला हे अजिबात पटत नाही. रेषा कुठे आखायची हे माणसंच ठरवतात, तेव्हा 'सिस्टीमने नाकारलं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता फोनचं. पूर्वी अनेक अ‍ॅप्स अख्खी संपर्कयादी उचलायची आणि हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू काढायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये याला चाप लावला. कर्जाच्या अ‍ॅपने फोटो-फाइल्स, संपर्कयादी आणि कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक आणि लोकेशन फक्त ओळख पडताळणीसारख्या कामापुरते, एकदाच आणि तुमची संमती घेऊन. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्या उघडून बघा. कॉन्टॅक्ट्स किंवा कॉल लॉग्स चालू दिसले तर आधी ते बंद करा. मग अ‍ॅपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते शोधा. तिचं नाव कुठेच सापडत नसेल, तर त्या अ‍ॅपवर पुन्हा अर्ज करू नका.

नकाराचं कारण त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने मागा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात प्रोग्रामचा निर्णय समजावून घेण्याचा थेट हक्क नाही. पण ज्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय होणार, ती पूर्ण आणि अचूक ठेवण्याची जबाबदारी त्याने कंपनीवर टाकली आहे. बहुतेक तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, तोवर तुमच्या हातात क्रेडिट अहवाल आहे. सिबिलसह असे अहवाल बनवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. त्यात तुमचं नसलेलं कर्ज दिसलं तर लगेच ऑनलाइन हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. अहवालात काहीच नसेल, तर लगोलग आणखी चार अ‍ॅप्सवर अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पुढचा प्रोग्राम तिच्यावरूनही गुण कापतो.