वर्क फ्रॉम होमची पॉलिसी लिहिताना: आधी व्याख्या, मग बाकीचं

प्रश्न: "पुण्यातली ७० माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, एचआरमध्ये आम्ही दोघीच. वर्क फ्रॉम होमची लेखी पॉलिसी करायला सांगितली आहे. टेम्पलेटमध्ये स्कोप, एलिजिबिलिटी, डेफिनिशन्स, रिव्ह्यू डेट असे मथळे आहेत, पण त्याखाली नेमकं काय लिहायचं? सर म्हणतात, दोन पानांत आटपा."

टेम्पलेटमध्ये स्कोप पहिला असला तरी लिहायला बसाल तेव्हा व्याख्यांपासून सुरुवात करा. या पॉलिसीवरून होणारी भांडणं मी बरीच वर्षं सोडवत आलोय. त्यातली बहुतेक "मला परवानगी आहे की नाही" यावरून होत नाहीत. ती "घर म्हणजे कुठलं" आणि "दिवस म्हणजे केवढा" यावरून होतात. टेम्पलेटमध्ये मात्र 'कर्मचारी', 'कंपनी', 'व्यवस्थापक' अशा कुणालाच शंका नसलेल्या शब्दांच्या व्याख्या असतात. त्या खुशाल काढून टाका.

पहिली व्याख्या नेमणुकीच्या ठिकाणाची. एका कंपनीत घडलेलं सांगतो. पुण्याच्या ऑफिसातली एक टेस्टर घरून काम करायची. पॉलिसीत लिहिलं होतं, "कर्मचारी घरून किंवा अन्य योग्य ठिकाणाहून काम करू शकेल." लग्नानंतर ती बेळगावला सासरी राहायला गेली. लीडला चॅटवर विचारलं, त्याने होकाराचा अंगठ्याचा इमोजी टाकला, विषय संपला. वर्षभराने क्लायंटने हिंजवडीत दोन दिवसांची बैठक ठेवली. ती आली आणि परत गेल्यावर बसभाडं, हॉटेल, दैनिक भत्ता असं टूरचं बिल टाकलं. अकाउंट्सने बिल परत पाठवलं: पुण्याच्या माणसाला पुण्यात यायला कसला टूर? तिचं म्हणणं, मी वर्षभर बेळगावहून काम करतेय हे सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रवासाच्या पॉलिसीत "कामाच्या शहराबाहेर जाणं म्हणजे टूर" असं लिहिलंय. नेमणूक पत्रात 'पुणे' होतं. दोन्ही बाजू कागदावर बरोबर होत्या, कारण 'कामाचं शहर' कुठल्याच कागदात ठरवलेलं नव्हतं.

बिल शेवटी निम्मं मंजूर झालं. पण त्या निमित्ताने पेरोलवाल्याने फाइल उघडली आणि खरा घोळ तिथे निघाला. तिचा व्यवसाय कर वर्षभर महाराष्ट्राचा कापला जात होता आणि ती बसून काम करत होती कर्नाटकात. व्यवसाय कर राज्याचा असतो. संविधानाने घातलेली कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये, त्यामुळे रक्कम किरकोळ वाटते. पण दुसऱ्या राज्यात माणूस कायमचा बसवला, की तिथे नोंदणी लागते का, तिथला दुकाने-आस्थापनांचा कायदा लागू होतो का, हे प्रश्न कंपनीच्या दारात येतात. ते सीएला आधी विचारायचे असतात, नंतर नाही. अंगठ्याच्या इमोजीवर असला निर्णय होता कामा नये.

म्हणून दोन वेगळे शब्द ठरवा. 'नेमणुकीचं ठिकाण' म्हणजे नेमणूक पत्रात लिहिलेलं ऑफिस. प्रवासखर्च, भत्ते आणि बोलावणं यांचा हिशोब तिथूनच होईल. 'नोंदवलेलं घर' म्हणजे कर्मचाऱ्याने एचआरला लेखी कळवलेला आणि एचआरने मान्य केलेला पत्ता. मग कलम साधारण असं होईल:

"घरून काम म्हणजे नोंदवलेल्या घरून केलेलं काम. नोंदवलेलं घर बदलायचं असल्यास कर्मचारी किमान ३० दिवस आधी एचआरला लेखी कळवेल. नवा पत्ता दुसऱ्या राज्यात असल्यास एचआर आणि वित्त विभागाची लेखी मान्यता मिळेपर्यंत तिथून काम सुरू करता येणार नाही. नोंदवलेल्या घरापासून नेमणुकीच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासाचा खर्च कर्मचाऱ्याचा राहील."

शेवटचं वाक्य काहींना कठोर वाटेल. तुमच्या कंपनीला तो खर्च द्यायचा असेल तर उलट लिहा, पण काहीतरी एक लिहाच. गणपतीला आठवडाभर गावी जाऊन तिथून काम करणाऱ्यांसाठी वेगळी सोय ठेवा. 'तात्पुरतं ठिकाण', वर्षात इतके दिवस, फक्त भारतात, लीडला मेल केला की पुरे. ही सोय नसेल तर लोक न सांगता जातातच, आणि मग नियम फक्त प्रामाणिक माणसाला लागतो.

दुसरी व्याख्या 'ऑफिसचा दिवस'. "आठवड्यातून तीन दिवस ऑफिस" हे वाक्य साधं दिसतं. आता २०२६ चा गुढीपाडव्याचा आठवडा घ्या. पाडवा गुरुवारी, १९ मार्चला. कुणी बुधवारी रजा टाकली. उरले सोमवार, मंगळवार, शुक्रवार. तीनही दिवस यायचं? लीड म्हणणार हो, तीन म्हणजे तीन. कर्मचारी म्हणणार, सुट्टी आणि रजा माझ्या घरच्या दिवसांतून का कापता? हा वाद दर सणाला होतो, आणि आपल्याकडे सणांना तोटा नाही.

मला पटलेला तोडगा असा: त्या आठवड्यात प्रत्यक्ष कामाचे दिवस पाच असतील तर ऑफिस तीन, चार किंवा तीन असतील तर दोन, दोन किंवा एक असेल तर एक. म्हणजे वरच्या माणसाने दोन दिवस यायचं, एक दिवस घरून. पाचात तीन हेच प्रमाण जवळच्या पूर्ण आकड्याला नेलंय, बाकी काही नाही. काही कंपन्या महिन्याचा हिशोब ठेवतात. त्यात लवचिकता जास्त, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम उगवतात आणि बसायला खुर्च्या पुरत नाहीत. आणि दिवस मोजायला किती तास लागतील तेही लिहा. नाहीतर साडेदहाला कार्ड पंच करून, चहा घेऊन, साडेबाराला घरी निघणारे एक-दोन जण निघतातच, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांवर पाळत येते.

व्याख्यांत आणखी एकच गोष्ट तपासा. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत घरही येतं. तुमच्या त्या पॉलिसीत अजून फक्त 'ऑफिसची जागा' असं असेल, तर दोन्ही कागद एकमेकांशी जुळवून घ्या. व्हिडिओ कॉलवरची तक्रार अंतर्गत समितीकडे आली, की पहिला आक्षेप हाच निघतो.

आता एलिजिबिलिटी. इथे "व्यवस्थापकास योग्य वाटल्यास" हे तीन शब्दांचं औषध कुणीतरी सुचवेल. घेऊ नका. दोन टीममधल्या एकाच कामाच्या दोघांना दोन वेगळी उत्तरं मिळाली, की एचआरकडे दाखवायला काही उरत नाही. पात्रता आधी पदाची ठरवा, मग माणसाची. पदांची यादी परिशिष्टात द्या: पूर्ण घरून चालेल, अंशतः चालेल, चालणार नाही. रिसेप्शन आणि हार्डवेअर सांभाळणारा आयटी सपोर्ट तिसऱ्या गटात, यावर कुणी भांडत नाही. भांडण असतं मधल्या गटाचं. तिथे "क्लायंटच्या कराराने डेटा ऑफिसबाहेर नेता येत नाही" यासारखं कारण प्रत्येक पदापुढे एका ओळीत लिहा.

माणसाच्या अटी कमी ठेवा आणि प्रत्येक अट लावून पाहा. "मागच्या अप्रेझलमध्ये किमान ३ रेटिंग" ही लोकप्रिय अट घ्या. आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या माणसाचं अप्रेझलच झालेलं नसतं. तो पात्र की अपात्र? वर्षभर प्रसूती रजा आणि जोडून बिनपगारी रजेवर असलेल्या बाईचं काय? अशी अट ठेवायचीच असेल, तर "रेटिंग नसल्यास प्रोबेशन पूर्ण झालेलं पुरेल" हे पुढे जोडा. प्रसूती रजेनंतरच्या घरून कामाचा उल्लेख वेगळ्या ओळीत हवा. कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने ती सोय देता येते, हे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातच आलं आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ते रेटिंगच्या अटीखाली दडपू नका.

नकार कसा द्यायचा हेही याच भागात येतं. लीडने सात कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, नकार असेल तर परिशिष्टातलं कुठलं कारण ते सांगायचं, आणि उत्तरच आलं नाही तर अर्ज आपोआप एचआरकडे जाईल. गप्प बसणं म्हणजे मंजुरी असं मात्र लिहू नका, सुट्टीवर गेलेल्या लीडच्या नावावर भलत्याच मंजुऱ्या निघतात. दिलेली परवानगी काढून घ्यायची असेल तर ३० दिवसांची सूचना द्या. माणसाने त्या भरवशावर भाड्याची खोली सोडलेली असते. अपवाद फक्त डेटा सुरक्षेचा भंग झाला तर.

स्कोप दोन-तीन वाक्यांत आटपतो. तो कुणाला लागू आहे यापेक्षा कुणाला नाही ते लिहा: इंटर्न, कंत्राटदाराकडून आलेली माणसं, मानधनावरचे सल्लागार. कंत्राटी माणसांच्या हजेरीचे नियम तुम्ही थेट ठरवायला लागलात, तर उद्या "ही खरं तर तुमचीच माणसं" असा दावा उभा राहू शकतो, म्हणून त्यांचं त्यांच्या कंत्राटदाराशीच ठरू द्या. परदेशातून काम करणं पूर्ण बाहेर ठेवा. व्हिसा आणि तिथला कर हा वेगळाच प्रांत आहे. ऑफिस सेझमध्ये असेल तर सेझच्या नियमांत २०२२ मध्ये आलेला ४३ए हा नियम घरून काम करण्याबद्दलच आहे, तो मसुद्याआधी वाचा.

राहिली रिव्ह्यू डेट. बहुतेक जण "ही पॉलिसी ३१ मार्चपर्यंत वैध" असं लिहितात. मार्च वर्षअखेरीत आणि अप्रेझलमध्ये जातो, कुणाला आठवत नाही, आणि १ एप्रिलला परवानग्या चालू की बंद हे कुणालाच सांगता येत नाही. संपण्याची तारीख आणि फेरविचाराची तारीख वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला दुसरी हवी आहे. तेव्हा असं लिहा: "या पॉलिसीचा फेरविचार दरवर्षी १५ जुलैपर्यंत एचआर प्रमुख करतील. नवी आवृत्ती लागू होईपर्यंत हीच लागू राहील." तारखेपुढे विभागाचं नाही, पदाचं नाव हवं. शिवाय मधेच फेरविचार कधी होईल ते एका ओळीत सांगा: ऑफिस हललं, कायदा बदलला, किंवा नव्या राज्यातला पहिला पत्ता मंजूर करायची वेळ आली.

फेरविचाराला बसताना समोर आकडे लागतील, त्यामुळे नकारांची आणि काढून घेतलेल्या परवानग्यांची साधी एक्सेल शीट आजच सुरू करा: तारीख, पद, कारण. एकाच लीडचे सगळे नकार तिथे चटकन दिसतात.

सरांची दोन पानं जमतील. पदांची यादी, दिवसांचा तक्ता आणि अर्जाचा नमुना परिशिष्टात टाका. "परिशिष्टं एचआर प्रमुखांच्या सहीने बदलता येतील" असं मुख्य पॉलिसीत लिहिलंत, की नवीन पद आलं म्हणून दरवेळी संचालकांची सही घ्यायला धावावं लागणार नाही.