तीन प्रती होत्या, पण आवृत्ती एकच होती

प्रश्न : माझा मराठीतला पीएचडीचा प्रबंध तीन आठवड्यांत सादर करायचा आहे. फाइल लॅपटॉपवर आहे, गूगल ड्राइव्हवर आपोआप जाते आणि पेनड्राइव्हवरही असते. एवढी काळजी पुरेशी आहे का, की अजून काही करावे?

उत्तर :

पुरेशी नाही. तीन ठिकाणी प्रती असल्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला किंवा डिस्क बंद पडली तर तुम्ही वाचाल. परंतु सादरीकरणाच्या आधीच्या आठवड्यात प्रबंध हरवतो तो बहुतेक वेळा असा नव्हे. चांगल्या फाइलवर जुनी किंवा बिघडलेली फाइल लिहिली जाते आणि तो बदल इमानदारीने सगळ्या प्रतींपर्यंत पोहोचतो. माझ्या माहितीतल्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिची व्यवस्था तुमच्यासारखीच होती, म्हणून तो प्रसंग सविस्तर लिहितो.

ती निफाड तालुक्यातली, नाशिकला वसतिगृहात राहून द्राक्षबागांमधल्या हंगामी मजुरांवर प्रबंध लिहिणारी. प्रबंध सोमवारी सादर करायचा होता. त्याआधीच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार ती गावी गेली आणि तिथे तिने मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, मुख्यतः पाचव्या प्रकरणातल्या, पूर्ण केल्या. गावी इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागत असल्याने डेटा वाचवण्यासाठी तिने ड्राइव्हचे सिंक थांबवून ठेवले होते. म्हणजे ड्राइव्हवरची शेवटची प्रत आदल्या रविवारी रात्रीची होती. बुधवारी रात्री तिने प्रबंधाची पीडीएफ मार्गदर्शकांना मेल केली आणि गुरुवारी पुन्हा निष्कर्षांवर काम केले. गुरुवारी रात्री तिने परिशिष्टांचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि मुख्य फाइलही त्यासोबत गेली असे गृहीत धरले. ती गेली नव्हती. पेनड्राइव्हवर त्याच नावाची, पंधरा दिवसांपूर्वीची फाइल आधीपासून होती.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात ऑपरेटरने तीच फाइल उघडली, बांधणीच्या बाजूचा समास दीड इंच केला, पृष्ठक्रमांक घातले आणि फाइल सेव्ह केली. त्याचे काम चोख होते. फक्त त्याच्या सेव्ह करण्याने पंधरा दिवस जुन्या मजकुराच्या फाइलवर शुक्रवार संध्याकाळची तारीख बसली. वसतिगृहावर येऊन तिने ती फाइल लॅपटॉपवर ओढली, तेव्हा त्याच नावाची फाइल तिथे आहे, ती बदलायची का, असे विंडोजने विचारले. तिने दोन्हींच्या तारखा पाहिल्या. लॅपटॉपवरची गुरुवारची, पेनड्राइव्हवरची शुक्रवारची. नवी ठेवणे स्वाभाविक होते आणि तिने ती ठेवली. मग वसतिगृहाच्या वाय-फायवर सिंक पुन्हा सुरू केले आणि काही मिनिटांत ड्राइव्हवरही तीच फाइल गेली. आता तिन्ही ठिकाणी एकच मजकूर होता, आणि तो जुना होता.

`Date modified` हा रकाना फाइल शेवटची कधी सेव्ह झाली एवढेच सांगतो. आतला मजकूर कोणत्या टप्प्यावरचा आहे हे त्याला ठाऊक नसते. दुकानातून किंवा मित्राच्या संगणकावरून परत आलेल्या फाइलची तारीख जवळजवळ नेहमीच तुमच्या फाइलपेक्षा नवी असते. त्यामुळे तारीख पाहून निर्णय घेणारा काळजीपूर्वक माणूसच इथे फसतो.

शनिवारी सकाळी तिने पाचवे प्रकरण उघडले आणि मजुरांच्या स्थलांतराचा तक्ता दिसला नाही, तेव्हा तिने मला फोन केला. "सर, फाइल आहे, पण माझी नाही," एवढेच ती म्हणाली. मी तिला वर्ड काहीही सेव्ह न करता बंद करायला सांगितले आणि आम्ही एकेक जागा तपासत गेलो.

रिसायकल बिनमध्ये काही नव्हते आणि असणारही नव्हते, कारण हटवलेली फाइल तिथे जाते, जिच्यावर दुसरी फाइल लिहिली गेली ती जात नाही. वर्डचे `AutoRecover` दर दहा मिनिटांनी प्रत ठेवते हे खरे, पण ती सोय वीज गेल्यास किंवा वर्ड अचानक बंद पडल्यास उपयोगी पडते. फाइल नीट सेव्ह करून बंद केली की ती तात्पुरती प्रत काढून टाकली जाते. डिस्कवरून पुसलेला मजकूर शोधणारी साधने असतात, परंतु तिच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती. अशा डिस्कला कोणत्या जागा मोकळ्या झाल्या हे विंडोज लगेच कळवते आणि डिस्क त्या जागा आपणहून साफ करते. त्यामुळे त्या वाटेने मी फारशी आशा ठेवू दिली नाही.

उरला ड्राइव्ह. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून फाइलवर उजवी क्लिक केली की `File information` मध्ये `Manage versions` मिळते. वर्डच्या फाइलवर नवी फाइल चढली तरी आधीच्या आवृत्त्या तिथे काही काळ राहतात. तिथे शुक्रवार रात्रीची आवृत्ती होती आणि तिच्या खाली थेट रविवार रात्रीची. मधले चार दिवस नव्हते, कारण त्या दिवसांत सिंक बंद होते. रविवारची आवृत्ती आम्ही वेगळ्या नावाने उतरवून घेतली. मग वर्डमध्ये `Review` खालच्या `Compare` ने तिची दुकानातून आलेल्या फाइलशी तुलना केली. दुकानातल्या फाइलमध्ये समास आणि पृष्ठक्रमांकांशिवाय जपण्यासारखे काही नाही याची त्यातून खात्री झाली आणि ती फाइल बाजूला ठेवता आली. घाबरलेल्या अवस्थेत डोळ्यांनी दोन फाइली पडताळण्याऐवजी हे करावे.

सोमवार ते बुधवारचे काम पाठवलेल्या मेलमधल्या पीडीएफमध्ये होते, म्हणून तिला वाटले की तिथून मजकूर उचलून चिकटवला की झाले. मराठीच्या बाबतीत हे सहसा जमत नाही. पीडीएफ अक्षरांचे आकार पानावर कुठे बसवायचे ते जपते. त्या आकारांमागचा मूळ क्रम त्यातून नीट परत मिळेलच असे नाही. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटली, जोडाक्षरे सुटली, रफार भलतीकडे गेले. इंग्रजी संदर्भसूची जवळजवळ तशीच आली, मराठी परिच्छेद मात्र दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप करणे सोपे होते. शनिवार दुपार आणि अख्खा रविवार त्यात गेला. गुरुवारचे निष्कर्ष कुठेच नव्हते; ते तिने मार्गदर्शकांच्या शेऱ्यांवरून नव्याने लिहिले. प्रबंध सोमवारी सादर झाला. पण गुरुवारी लिहिलेली दोन-तीन वाक्ये तिला पुन्हा तशी सापडली नाहीत आणि त्याचे तिला आजही वाईट वाटते. मला ते अगदी समजते, कारण निष्कर्षातले वाक्य नीट बसायला वेळ लागतो.

यानंतर तिने जी व्यवस्था केली तीच मी तुम्हाला सुचवीन. तिचा गाभा असा की जुन्या आवृत्तीवर नवी कधीही लिहिली जाऊ नये. प्रत्येक आवृत्ती आपापल्या वेळेनिशी वेगळी राहावी.

त्यासाठी विंडोजमध्येच `File History` आहे. कंट्रोल पॅनेलमधून ते सुरू करावे आणि त्याला बाहेरची हार्ड डिस्क किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेला वेगळा पेनड्राइव्ह द्यावा. मुळात ते दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते. प्रगत सेटिंगमध्ये ती वेळ दहा मिनिटांपर्यंत खाली आणता येते. प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख आणि वेळ जोडली जाते, मात्र ती वेळ भारतीय नसून यूटीसी असते, म्हणून साडेपाच तास मिळवून वाचावी. जागेची चिंता करू नये. आठ एमबीच्या प्रबंधाच्या दिवसाला वीस प्रती झाल्या तरी महिन्याला पाच जीबीच्या आतच राहतात. ही सोय डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांवरच लक्ष ठेवते, म्हणून प्रबंध तिथेच असू द्यावा. डी ड्राइव्हवर कुठेतरी ठेवलेली फाइल त्यात आपोआप येत नाही.

डिस्क जवळ नसेल तेव्हा, आणि फाइल घेऊन बाहेर पडण्यापूर्वी तर नक्कीच, हाताने तारीखवार प्रत काढावी. प्रबंधाच्या फोल्डरमध्ये `juni` नावाचा उपफोल्डर करून तिथल्या पॉवरशेलमध्ये ही एक ओळ चालवली की पुरे :

```
Copy-Item .\prabandh.docx ".\juni\prabandh_$(Get-Date -Format 'yyyy-MM-dd_HHmm').docx"
```

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिल्याने नावाप्रमाणे लावलेल्या फाइली काळाच्या क्रमानेच दिसतात. `final`, `final2`, `final_navin` या नावांतून तीन आठवड्यांनी काहीही उलगडत नाही.

दुकानात वर्डची फाइल देऊच नये, पीडीएफ द्यावी. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर देवनागरी मजकूर वेगळ्या फॉन्टमध्ये उघडतो आणि पाने सरकतात, ते वेगळेच. समास आणि पृष्ठक्रमांक घरीच घालावेत. पेनड्राइव्हवरून काही परत घ्यावेच लागले, तर आधी त्याचे नाव बदलावे आणि मगच लॅपटॉपवर आणावे. विंडोजने फाइल बदलायची का असे विचारण्याची वेळच येऊ देऊ नये.

ड्राइव्ह चालू ठेवावा, पण त्याची मर्यादा ओळखून. वर्डच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तो साधारणपणे 30 दिवस किंवा 100 आवृत्त्यांपर्यंतच ठेवतो. मार्गदर्शकांना पाठवलेल्या प्रत्येक मसुद्याच्या आवृत्तीवर `Manage versions` मध्ये जाऊन `Keep forever` लावावे. सिंक थांबवले असेल तर रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे तरी सुरू करावे. काही एमबींची फाइल मोबाइलच्या डेटावरही सहज जाते.

आणि आजच एक करून पाहा. ड्राइव्हवरची मागच्या आठवड्यातली एक आवृत्ती वेगळ्या नावाने उतरवा, वर्डमध्ये उघडा, तक्ते आणि तळटीपा जागेवर आहेत का ते पाहा. `File History` सुरू केल्यावर दोन दिवसांनी तिथल्या एका जुन्या प्रतीचेही असेच करा. त्यात काही अडले तर काय संदेश दिसतो तो इथे लिहा, मी पाहतो.