सेटलमेंटनंतरचे अठरा महिने

*नाशिकला अंबडमध्ये नोकरी करतो. २०२३ मध्ये क्रेडिट कार्ड सेटल केलं, त्याच वर्षी बाइकचे तीन हप्ते चुकले. बाइकचं कर्ज आता फिटलंय, पण सिबिल ५९१ दाखवतं. दीड-दोन वर्षांत पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यायचाय. स्कोअर सुधारायला किती महिने लागतील? एक एजन्सी पंधरा हजारांत ४५ दिवसांत करून देते म्हणते, द्यावे का?*

पंधरा हजार देऊ नका. रिपोर्टमधली नोंद बदलायची तर ज्या बँकेने ती पाठवली तिनेच दुरुस्ती पाठवावी लागते. तिने हो म्हटल्याशिवाय सिबिल हात लावत नाही. या एजन्सीवाल्यांचं काम म्हणजे तुमच्या नावाने ऑनलाइन तक्रारी टाकायच्या, आणि ते तुम्हाला घरबसल्या फुकट करता येतं. तुमच्या केसमध्ये साधारण अठरा महिने धरून चला.

मी गृहकर्जाच्या फाइली करतो, तेव्हा बँकेच्या टेबलावर काय होतं ते आधी सांगतो. अधिकारी स्कोअर बघतो, पण फाइल अडते ती खात्यासमोरच्या `Settled` या शब्दावर. बाइकचे चुकलेले हप्ते त्या मानाने सौम्य, कारण ते कर्ज शेवटी पूर्ण फिटलं. सेटलमेंटचा अर्थ बँकेच्या लेखी एवढाच, की या माणसाने आमचे काही पैसे बुडवले आणि आम्ही ते सोडून दिले. म्हणून सगळा जोर आधी कार्डावर लावायचा.

पहिला महिना. फक्त कागद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. चारही काढा, कारण एकीकडे सुधारलेलं दुसरीकडे जुनंच असू शकतं. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर उतरत नाही. सेटलमेंटचं पत्र शेजारी ठेवून तीन गोष्टी ताडा: थकबाकीच्या रकान्यात अजून आकडा दिसतोय का, खातं कुठल्या कंपनीला विकलं गेलंय का, आणि बाइकचं कर्ज `Closed` दिसतंय का. बाइकचं अजून चालू दिसत असेल तर ती सरळ चूक आहे, आजच तक्रार टाका. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

दुसरा ते चौथा महिना. कार्डाच्या बँकेला लेखी विचारा: सोडून दिलेली रक्कम मी भरायला तयार आहे, खातं पूर्ण बंद दाखवाल का? खातं विकलं गेलं असेल तर हे पत्र विकत घेणाऱ्या कंपनीला.

सातपूरच्या कारखान्यात सीएनसीवर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांची थकबाकी १,१८,००० आणि सेटलमेंट ५२,००० ला, म्हणजे ६६,००० सोडलेले. त्यात मूळ रक्कम ४१,००० होती. बाकी व्याज आणि उशिराचे दंड. त्यांनी हा हिशेब बँकेकडून लेखी मागून घेतला आणि मूळ रक्कम भरायची तयारी दाखवली. आधी नकार आला, मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिल्यावर होकार. प्रत्येक बँक मान्य करेलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

इथे लोक नेमके फसतात. वसुलीवाला फोनवर म्हणतो, ‘भरा, आठ दिवसांत क्लोज करतो.’ ‘ही रक्कम मिळाल्यावर खाते क्लोज्ड म्हणून कळवू’ असं बँकेच्या लेटरहेडवर लिहून येईपर्यंत रुपया सोडू नका. पैसे थेट खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. आणि नो ड्यूज सर्टिफिकेट हातात घ्या. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, म्हणून दीड महिन्यात नोंद बदललेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर तेच पत्र जोडून तक्रार. बँकेकडे तक्रार करून तीस दिवस उलटले तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

एक स्पष्ट सांगतो, नाहीतर मला शिव्या घालाल: `Closed` झाल्यावर स्कोअर उडी मारत नाही. सातपूरच्या गृहस्थांचा ६०४ वरून ६१९ झाला, बस. रिपोर्टात दर महिन्याच्या हप्त्याची एक चौकट असते, त्यातल्या चुकलेल्या महिन्यांच्या चौकटी तशाच राहतात. फायदा होतो तो फाइल वाचणाऱ्या माणसासमोर.

तिसऱ्या महिन्यापासून नवी नोंद घडवायची. पगार येतो त्या बँकेत २५,००० ची एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. रक्कम तारण असल्याने खराब स्कोअरवरही हे बहुधा मिळतं. लिमिट एफडीच्या ८०-९० टक्के. त्यावर महिन्याला चार-पाच हजारांचं पेट्रोल आणि किराणा, त्याहून जास्त नको. रिपोर्टला साधारण बिलाच्या तारखेची बाकी जाते, त्यामुळे लिमिट भरत आणून नंतर पूर्ण फेडलं तरी तुम्ही पैशाला तंग आहात असंच दिसतं. बिल पूर्ण भरा. ‘मिनिमम ड्यू’ भरलं तर नोंद बिघडत नाही, पण व्याज चढतं आणि बाकी वाढत जाते.

पतसंस्थेतून कर्ज घेऊन वेळेवर फेडण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. बहुतेक पतसंस्था सिबिलला माहिती पाठवतच नाहीत, मग फेडूनही तुमच्या खात्यावर काही जमा होत नाही. बँकेतलं सोनेतारण कर्ज मात्र नोंदलं जातं. तरी गरज नसताना घेऊ नका, कार्ड पुरेसं आहे.

पाचवा ते बारावा महिना कंटाळवाणा. कार्ड वापरा, भरा आणि कुठेही अर्ज करू नका. मोबाइलवरची ‘प्री-अप्रूव्ह्ड’ लिंक दाबून बघायची नाही, पुढे फॉर्म भरलात की बहुधा चौकशीची नोंद पडते. त्या गृहस्थांचा दहाव्या महिन्यात ६६१ झाला होता.

तेरावा ते अठरावा. सेटलमेंट केलेली बँक नियमानुसार किमान बारा महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. तुमची ती मुदत उलटून गेलीय, पण बँक स्वतःची मुदत जास्त ठेवू शकते, म्हणून फ्लॅटसाठी तिच्या दारात जाऊच नका. दरम्यान २०२३ चे चुकलेले हप्तेही मागे पडतात. रिपोर्टात ३६ महिन्यांच्याच चौकटी दिसतात. सेटलमेंट सात वर्षांनी आपोआप पुसली जाते, यावर मात्र विसंबू नका. सात वर्षं ही माहिती ठेवण्याची किमान मुदत आहे, पुसण्याची तारीख नाही.

सातपूरवाल्यांना अठराव्या महिन्यात ७१२ स्कोअरवर कर्ज मिळालं, पण दर चांगल्या स्कोअरवाल्यापेक्षा चढाच. तुम्हीही ७०० च्या आसपास धरा, ७५० नाही. अर्ज एकाच बँकेत करा, पगाराच्या, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट व बँकेचं पत्र फाइलमध्ये वरच लावा. अधिकाऱ्याने विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं असतं. बिल्डर टोकनची घाई करेल. कर्जाचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय ते देऊ नका, कारण फाइल नाकारली गेली तर टोकन परत मिळवणं हे वेगळंच भांडण होतं.