माफीच्या पत्रातले ‘आपल्याकडून’

प्रश्न : आमच्या दुकानातून एका ग्राहकबाईंकडे चुकीचा मिक्सर गेला, खोक्यावरचा क्रमांक बिलाशी जुळवायचा राहिला होता. व्यवस्थापकांचे पत्र पाठवण्यापूर्वी तपासून द्याल का? ‘महोदया, दि. १२ जून रोजी आपल्याकडून ७५० वॅटऐवजी ५०० वॅटचा मिक्सर पाठवला गेला. त्याबद्दल दिलगीरी व्यक्त करतो. गैरसोय झाली असल्यास आम्ही क्षमस्व आहोत. तरी जुना मिक्सर दुकानात आणून बदलून न्यावा, ही विनंती.’

उत्तर : शुद्धलेखनाची चूक एकच आहे. ‘दिलगीर’मधला ‘गी’ दीर्घ असला, तरी शेवटी दीर्घ ‘री’ आल्यावर तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘दिलगिरी’. ‘गरीब’चे ‘गरिबी’ होते, तसेच.

खरी अडचण ‘आपल्याकडून’ या शब्दाची आहे. गल्ल्यावर बसून ‘आपल्याकडे उधारी नाही’ असे म्हणणाऱ्याचे ‘आपल्याकडे’ म्हणजे ‘आमच्या दुकानात’, हे समोरच्याला बरोबर कळते. पण पत्रात ‘आपण’ हे ग्राहकाला आदराने केलेले संबोधन असते, आणि पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहिताना आपणही ते तसेच वापरतो. त्यामुळे हे वाक्य वाचताना चूक बाईंचीच झाली, असा अर्थ निघतो. त्यातच ‘पाठवला गेला’ या रचनेने पाठवणाराही दिसेनासा झाला आहे. येथे ‘आम्ही’ हवे.

‘क्षमस्व’ हे संस्कृतातले आज्ञार्थी क्रियापद असून त्याचा अर्थ ‘क्षमा कर’ असा आहे. ते एकटे शोभते. ‘क्षमस्व आहोत’ म्हणजे ‘क्षमा कर आहोत’. ‘दिलगिरी’ चुकीची नाही, पण तीत खेद आहे, कबुली असेलच असे नाही. पाऊस पडून कार्यक्रम रद्द झाला तरी आयोजक दिलगिरी व्यक्त करतात. चूक निखालस दुकानाची असताना माफीच मागावी.

‘गैरसोय झाली असल्यास’ यातली शंका मला सर्वांत खटकते, कारण गैरसोय झालेलीच आहे. ‘जुना’ मिक्सरही वापरलेला वाटतो, म्हणून ‘आलेला’ म्हणावे. चूक दुकानाची, आणि खोके उचलून आणायचे बाईंनी, ही विनंती मात्र कितीही ‘वे-वा’ लावले तरी नम्र होणार नाही. माणूस पाठवता येत असेल, तर पत्र असे करावे :

‘महोदया,
१२ जून रोजी आपण मागवलेल्या ७५० वॅटच्या मिक्सरऐवजी आम्ही ५०० वॅटचा मिक्सर पाठवला. खोक्यावरचा क्रमांक बिलाशी जुळवून पाहायचा आमच्याकडून राहिला. या चुकीबद्दल आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही माफी मागतो. आपल्या सोयीची वेळ कळवावी. आमचा माणूस योग्य मिक्सर घरपोच देऊन आलेला मिक्सर परत नेईल. यासाठी आपल्याला वेगळा खर्च पडणार नाही.
आपला विश्वासू,
व्यवस्थापक’